पदवी नसताना एम.एस्सी.ला प्रवेश: बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

लीड्स
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर प्रवेशाची बातमी सांगितली, तेव्हा आई रडायलाच लागली आणि बाबा, तुम्ही थोडा वेळ गप्प राहून एवढंच विचारलंत, "पदवी नसताना एकदम एम.एस्सी.? मागच्या दाराने तर नाही ना?" मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. ड्यूटीवर निघाले होते, आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे शिक्षणाच्या पायऱ्यांना आकडे आहेत. पदवीचं शेवटचं वर्ष म्हणजे लेव्हल ६ आणि एम.एस्सी. म्हणजे लेव्हल ७. केअर होममध्ये काम करता करता मी जो लीडरशिपचा डिप्लोमा केला, तो लेव्हल ५ चा. म्हणजे माझी मधली एक पायरी नाही. काही विद्यापीठं काही अभ्यासक्रमांना अशा माणसांचाही अर्ज घेतात. अट एवढीच, की ती पायरी कामातून चढलो आहोत हे आपण दाखवून द्यायचं. किती वर्षं नोकरी केली याला मार्क नाहीत. त्या नोकरीतून काय शिकलो आणि ते शिकणं पदवीधराच्या तोडीचं आहे का, हे तपासतात. त्यासाठी हजार शब्दांचं एक निवेदन लिहायचं असतं. सोबत मॅनेजरचं पत्र, कामाच्या जबाबदाऱ्यांचा कागद आणि प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं जोडायची.

माझं पहिलं निवेदन विद्यापीठातल्या बाईंनी वाचून परत पाठवलं. मी आजीपासून सुरुवात केली होती. तिला अर्धांगवायू झाला, एस.वाय.ची परीक्षा राहिली, ती दोन वर्षं मी तिचं सगळं केलं, मग लग्न, मग इकडे येणं, २०१० मध्ये केअर असिस्टंट, पुढे सीनियर, आता डेप्युटी मॅनेजर. खूप मनापासून लिहिलं होतं. बाईंनी समासात लिहिलं, "तुम्ही काय काय केलंत ते कळलं. तुम्हाला काय कळलं, ते यात कुठे आहे?" दोन दिवस मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे. सगळ्या नोकऱ्यांची यादी काढून टाकली आणि एकच गोष्ट घेतली, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याची.

आमचं होम ३८ खाटांचं. कोणी पडलं की फॉर्म भरायचा असतो: वेळ, जागा, पायांत काय होतं, काय लागलं. फॉर्म भरून फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. गेल्या वर्षी मी तीन महिन्यांचे फॉर्म जेवणाच्या टेबलावर वेळेप्रमाणे मांडले. ९० दिवसांत २२ वेळा कोणी ना कोणी पडलं होतं आणि त्यातले ९ प्रसंग सकाळी ७ ते ८ या एका तासातले. बाबा, तुम्ही डेपोत लॉगशीट घेऊन बसायचा आणि गाडी रोज एकाच ठिकाणी का लेट होते ते शोधायचा, ते मला तेव्हा आठवलं.

सकाळी ७ ते ८ मध्ये आमच्याकडे काय होतं? रात्रपाळी संपते, दिवसपाळी येते आणि हँडओव्हरसाठी सगळे ऑफिसात जातात. म्हातारी माणसं नेमकी तेव्हाच जागी होतात, त्यांना लघवीला जायचं असतं. बेल वाजवतात, कोणी येत नाही, मग स्वतःच उठतात. एक आजी (नाव इथेही लिहीत नाही आणि निवेदनातही लिहायचं नसतं) मला म्हणाल्या होत्या, "मी दोनदा बेल दाबली गं, मग म्हटलं तुम्ही कामात असाल." त्या कॉटच्या आणि खुर्चीच्या मध्ये पडल्या होत्या, एका पायात चप्पल होती.

आम्ही दोन बदल केले. हँडओव्हर चालू असताना दोन्ही पाळ्यांचा एकेक माणूस खोल्यांकडेच राहील, आणि जे लवकर उठतात त्यांना पावणेसातलाच टॉयलेटला नेऊन आणायचं. पुढच्या ९२ दिवसांत २२ चे १२ झाले. मी निवेदनात अभिमानाने लिहिलं, की माझ्या बदलामुळे पडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

बाईंनी पुन्हा एकच प्रश्न लिहिला: "हे तुमच्या बदलामुळेच झालं, हे कशावरून?"

पूर्ण दिवसपाळी करून आल्यावर त्या प्रश्नापुढे बसले. रडूही आलं, पण फॉर्म पुन्हा काढले. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा पडलेली दोन माणसं होती, दोघं मिळून ७ वेळा. दुसरे तीन महिने सुरू व्हायच्या आधीच एक वारले होते आणि एकांना नर्सिंग होममध्ये हलवलं होतं. म्हणजे आकडा खाली येण्यात त्यांच्या नसण्याचाही वाटा होता. मी काही न करता बसले असते तरी तो काहीसा उतरलाच असता.

शिवाय खाटा नेहमी भरलेल्या नसतात, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून चालत नाही. इथे दर हजार भरलेल्या खाट-दिवसांमागे किती वेळा पडले, असं मोजतात. पहिल्या काळात सरासरी ३६ खाटा भरलेल्या होत्या. ३६ गुणिले ९० म्हणजे ३२४० खाट-दिवस आणि २२ पडणं, म्हणजे हजारी ६.८. नंतर सरासरी ३४ खाटा, ३१२८ खाट-दिवस, १२ पडणं, म्हणजे हजारी ३.८. ती दोन माणसं पहिल्या काळातून वगळली तर १५ पडणं आणि ३०६० खाट-दिवस उरतात, म्हणजे हजारी ४.९. मी ६.८ वरून ३.८ म्हणत होते. खरी तुलना ४.९ आणि ३.८ ची होती. खूपच लहान फरक, आणि इतक्या थोड्या आकड्यांत तो योगायोगही असू शकतो.

त्या रात्री मला वाटलं, आता लिहायला काही उरलंच नाही. मग सकाळचे आणि बाकी दिवसाचे फॉर्म वेगळे केले. त्या दोघांच्या ७ पैकी फक्त २ वेळा सकाळच्या तासात होतं. त्यांना वगळलं तर सकाळचं पडणं ७ वरून ३ वर आलं होतं आणि उरलेल्या दिवसाचं ८ वरून ९ वर गेलं होतं, म्हणजे जवळजवळ तसंच. आम्ही बदल फक्त सकाळी केला होता आणि कमीही फक्त सकाळीच झालं होतं. होममधली माणसंच बदलल्यामुळे सगळं घडलं असतं, तर दिवसभराचा आकडा उतरायला हवा होता. हा पुरावा पक्का नाही, पण दिशा दाखवणारा आहे. निवेदनात मी हे असंच लिहिलं: आधी काय समजत होते, कुठे चुकले, फॉर्म पुन्हा कसे वाचले, आता काय म्हणू शकते आणि काय म्हणू शकत नाही. बदल पुढे वर्षभर ठेवून मोजायला हवा, हेही लिहिलं. नाइस नावाची इथली आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका काढणारी संस्था आहे. तिच्या मार्गदर्शिकेत पडण्याची अनेक कारणं एकत्र तपासा, असं सांगितलं आहे. आम्ही एकच कारण धरलं होतं. गोळ्या, नजर, बीपी तपासलं नव्हतं. तेही कबूल केलं.

मुलाखतीत चाळीस मिनिटांपैकी निम्मा वेळ याच परिच्छेदावर गेला. त्याआधी एक संशोधनलेख देऊन त्यावर दीड हजार शब्दांचं परीक्षण लिहून घेतलं होतं, कारण पदवी नसलेल्यांना असं लिहिण्याची सवय नसते आणि बरीच माणसं पहिल्या निबंधातच अडकतात. माझ्या परीक्षणात मी लेखकाचं म्हणणं नुसतं पुन्हा सांगत गेले होते, असं त्यांनी सांगितलं. ते मला सुधारावं लागणार आहे.

म्हणून बाबा, प्रवेश मिळाला आहे तो असा: पूर्ण एम.एस्सी. १८० क्रेडिटची. मला आधी ६० क्रेडिटच्या सर्टिफिकेटपुरतंच घेतलंय. एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास, म्हणजे हे सहाशे तास झाले, नोकरी सांभाळून एका वर्षात. ते पास झाले तरच पुढचं दार उघडणार, नाहीतर सर्टिफिकेट घेऊन थांबायचं. कामाच्या अनुभवाबद्दल एकही क्रेडिट माफ झालेलं नाही. तो फक्त आत येण्यापुरता धरला. पदवीधर मुलं जे पेपर देतील तेच मी देणार, पास व्हायचे मार्कही तेच. हे मागचं दार नाही. उलट आत येताना माझी झडती इतरांपेक्षा जास्त झाली.

आजीबद्दल निवेदनात शेवटी एकही ओळ राहिली नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिला कुशीवर वळवताना पाठीला लाल डाग दिसतो का ते बघायचं, हे मला आई, तू शिकवलंस. प्रेशर सोअर हा शब्द मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी कळला. परीक्षा राहिली म्हणून तुम्ही दोघं अजून मनाला लावून घेता, ते मला फोनवर कळतं. मला त्या दोन वर्षांबद्दल राग नाही, कधीच नव्हता.

एफ.वाय.ची मार्कशीट पोचली. ट्रंकेत इतकी वर्षं राहून घडीवर फाटलीय, पण स्कॅन नीट आला. वर्ग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात.

आणि एक ऐका. बाबा, बीपीची गोळी घेता ना, तर पहाटे एकदम उठून उभे राहू नका. पाय खाली सोडून कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसा, चक्कर नाही असं बघा आणि मगच उठा. आई, मोरीच्या तोंडाशी ते जाड पायपुसणं आहे ते काढून टाक, आणि रात्री बोळातला छोटा दिवा चालू ठेव. बिलाची काळजी करू नका.

तुमची,
सुमा