बदली मालाची किंमत आणि साठ्याची नोंद

नौपाडा भांडारात घरपोच ऑर्डर भरणाऱ्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मागितलेला माल संपला असल्यास ग्राहकाची फोनवर संमती घेतल्याशिवाय बदली माल देऊ नये. समजा, १६० रुपयांच्या एक किलो तूरडाळीऐवजी प्रत्येकी ८५ रुपयांची अर्ध्या किलोची दोन पाकिटे दिली, तर ग्राहकाकडून १६० रुपयेच घ्यावेत व उरलेले १० रुपये बिलात सवलत म्हणून दाखवावेत. बदली माल स्वस्त असल्यास मात्र त्याचीच किंमत लावावी. किलोच्या पाकिटाची ओळ रद्द करून अर्ध्या किलोची दोन्ही पाकिटे स्कॅन करावीत, कारण जुन्या नावानेच बिल केल्यास एका मालाचा साठा उणे होतो, दुसऱ्याचा नोंदीत फुगलेला राहतो आणि पुढची खरेदी चुकते. फळी रिकामी असूनही संगणकात शिल्लक दिसत असेल, तर गोदामात मोजणी करून फरक कारणासह नोंदवावा.