भाडेकरार मागच्या पानापासून वाचा

महोदय,

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत भाडेकरू बदलला की करारनामा सचिव म्हणून माझ्याकडे येतो. चुका बहुतेक नावं, फ्लॅट नंबर आणि तारखा यांतच असतात, कारण एजंट करार नव्याने टाइप करतच नाहीत. मागच्या भाडेकरूची फाइल उघडायची, नावं बदलायची, प्रिंट काढायची. पहिलं पान सगळेच बघतात. जुना मजकूर राहून जातो तो अनामत रकमेच्या कलमात आणि शेवटच्या परिशिष्टात, म्हणजे जिथे जागेचं वर्णन असतं तिथे.

मध्यंतरी एक भाडेकरू सह्या व्हायच्या आधीच प्रिंट दाखवायला आले, हे नशीबच. पहिल्या पानावर फ्लॅट ४०३, परिशिष्टात ३०४. आडनाव वर शेंडे, अनामतीच्या कलमात शिंदे. उद्या अनामत परत मागताना हाच घोळ पुढे आला असता. मुदत अकरा महिने, पण तारखा १ जुलै २०२५ ते १ जून २०२६. अकरा महिने ३१ मे रोजी पुरे होतात. आणि गंमत म्हणजे, स्टॅम्प पेपरच्या मागे विक्रीची तारीख २७ जून, तर करार 'आज दिनांक २५ जून रोजी' झालेला!

आतली पानं साध्या कागदावर असतात, ती नव्याने छापून घेतली. पहिलं पान मात्र स्टॅम्प पेपरवर. तिथे व्हाइटनर लावायचा नाही. चुकीच्या तारखेवर, ती वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी बरोबर तारीख लिहिली आणि सह्यांच्या वेळी घरमालक व भाडेकरू दोघांनीही तिथे छोटी सही केली.

तपासताना एकाने आधार कार्डवरून नाव-पत्ता मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने करारातल्या प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून बघावं. एकट्याने वाचलं की डोळे ओळखीचं नाव आपोआप बरोबर वाचतात.

स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, असं अजून पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीत तर अंगठा उमटल्यावर मसुद्यात काही बदलता येत नाही. मग चूक दुरुस्ती पत्र करा, त्याचीही नोंदणी करा, दोन्ही पक्षांना पुन्हा गोळा करा. घरमालक पुण्याला किंवा परदेशी असेल तर बघायलाच नको.

तरीही एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन दारात आल्यावरच मसुदा पहिल्यांदा दाखवतात आणि 'साहेब, पुढे अजून एक पार्टी आहे' म्हणून घाई करतात. मसुदा आदल्या दिवशी दोन्ही पक्षांच्या हाती पडलाच पाहिजे, अशी अट नोंदणी विभागाने या एजंटांना घालावी.

– एक मानद सचिव, मुलुंड (पूर्व)