कबरीखालून वाहणाऱ्या नद्या

दिल्ली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तू बीबी का मकबरा दाखवायला नेणार आहेस आणि ‘या कबरींच्या बागा चौकोनी का, पाण्याचे पाट कशाला’ असं विचारलं आहेस. मकबऱ्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात इथून, हुमायूनच्या कबरीपासून करावी लागते, कारण हिंदुस्थानात मोगलांनी हा आराखडा इतक्या भव्य प्रमाणात पहिल्यांदा इथेच उभारला. मी इथे वरचेवर जातो, त्यामुळे लिहायला बरंच आहे.

हुमायून 1556 मध्ये जिन्यावरून पडून गेला. 1560 च्या दशकात, अकबराच्या काळात, मीरक मिर्झा घियास या स्थपतीने ही वास्तू बांधायला घेतली आणि 1570 च्या सुमारास ती पुरी झाली. बाग आधी चार मोठ्या भागांत विभागलेली, मग प्रत्येक भागाचे नऊ चौक. एकूण 36. त्यांतल्या मधल्या चार चौकांच्या जागेवर मकबऱ्याचा भलामोठा चौथरा आहे. चौकांच्या कडेने दगडी वाटा, वाटांच्या मधोमध पाण्याचे अरुंद पाट आणि पाट एकमेकांना छेदतात तिथे छोटे हौद.

चार भागांची बाग ही मुळात कबरीसाठी नव्हतीच. इराणात पासारगाद इथे, इस्लामच्या हजारेक वर्षं आधी, दगडी पाट आणि छोटे हौद असलेली राजबाग होती. बाबरानेही आग्र्यात अशा बागा केल्या त्या बसाउठायला, मैफिलींना. हिंदुस्थानात वाहतं पाणी नाही, असं तो कुरकुरत असे, आणि म्हणून विहिरी व रहाट बसवून त्याने पाणी खेळवलं. तो आराखडा तसाच ठेवून मधोमध कबर ठेवली, की बागेचा अर्थच पालटतो. बादशहा विसावायला जिथे बसायचा, तिथे आता तो कायमचा विसावलेला असतो. मृत्यूनंतर दरबारी कागदांत हुमायूनचा उल्लेख ‘जन्नत आशियानी’ असाच होई, म्हणजे ज्याचं घरटं स्वर्गात आहे तो.

स्वर्गाचं वर्णन कुराणात अनेकदा येतं आणि ते जवळजवळ नेहमी बागेचं असतं. ‘ज्यांच्या खालून नद्या वाहतात अशा बागा’ हे शब्द तर पुनःपुन्हा येतात. सत्तेचाळिसाव्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, चार प्रकारच्या नद्या सांगितल्या आहेत: न नासणाऱ्या पाण्याच्या, चव न बिघडणाऱ्या दुधाच्या, मद्याच्या आणि शुद्ध मधाच्या. पंचावन्नाव्या सुऱ्यात आधी दोन बागा येतात, मग आणखी दोन. पहिल्या दोहोंत वाहते झरे आहेत, नंतरच्या दोहोंत उसळणारे. फळं म्हणून खजूर आणि डाळिंब यांची नावंही तिथेच आहेत. आता पाट आणि कारंजी शेजारी ठेवून बघ. पाट म्हणजे वाहणारा झरा, कारंजं म्हणजे उसळणारा. नद्या फुलीच्या आकारात वाहतात असं मात्र कुराण कुठे म्हणत नाही. हाताशी असलेल्या जुन्या आराखड्यात हे वर्णन नेमकं बसलं आणि मग दोन्ही वेगळे काढता येईनात, असं मला वाटतं.

मला सगळ्यात भिडणारी गोष्ट वेगळीच आहे. वाटेवरून पाटाच्या कडेने सरळ मकबऱ्याकडे चालत गेलास, की चौथऱ्यापाशी पाणी दिसेनासं होतं. चौथऱ्याला वळसा घालून पलीकडे जा. त्याच रेषेत पाट पुन्हा सुरू होतो. चारही दिशांना हेच. खरी कबर खाली जमिनीत आहे, वर घुमटाखाली दिसते ती केवळ खूण. म्हणजे उभं राहून पाहणाऱ्याला वाटतं, पाणी त्या कबरीच्या खालूनच वाहतंय. ‘ज्यांच्या खालून नद्या वाहतात’ हे वाक्य कुठेही न कोरता असं पायांखाली मांडून ठेवलंय!

हा भास टिकतो तो उतारामुळे. पाणी वाहायला तर हवं, पण धावायला नको; धावलं तर आवाज होतो, गढूळपणा येतो आणि त्यातलं प्रतिबिंब मोडतं. 1997 पासून 2003 पर्यंत आगाखान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खात्याने या बागेचा जीर्णोद्धार केला, तेव्हा सुमारे तीन किलोमीटर पाट पुन्हा बसवले, आणि तेही दर 40 मीटरला 1 सेंटिमीटर एवढ्या उताराने. म्हणजे दोनशे मीटर चाललास तरी पाणी जेमतेम पाच सेंटिमीटर खाली आलेलं असतं. एखादा दगड थोडा जरी खचला, तरी तिथे पाणी थबकतं. ते ओळखायचं कसं? गाळ एकाच ठिकाणी साचतो आणि शेवाळाचा पट्टा एका कडेला जाड होतो. पाटात एक सुकं पान टाकून बघावं. मी कडुनिंबाचं टाकलं होतं. ते हललंय की नाही हे कळायला थांबावं लागलं, आणि मग ते मधली रेषा न सोडता, अगदी सावकाश, हौदाकडे सरकत गेलं.

कारंज्यांचं गणित वेगळं. त्यांना दाब लागतो, आणि पंप नसताना दाब मिळतो तो उंचीतून. ताजमहालात यमुनेचं पाणी बैलांच्या मोटांनी चढवून उंचावरच्या टाक्यांत नेत आणि नळांतून बागेत उतरवत. तिथे प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं होतं. आधी सगळी भांडी भरत, मगच धारा एकदम वर येत. त्यामुळे टाकीजवळचं कारंजं उंच आणि लांबचं मरगळलेलं असं होत नसे. पानचक्कीच्या गावात राहणाऱ्या तुला हे नवल वाटणार नाही. तिथेही पाणी डोंगरातून खापराच्या नळांनी येतं ते याच दाबाच्या जोरावर.

पाणी थांबलं की या बागेत काही उरत नाही, हेही इथे घडून गेलंय. मोगलांची सत्ता खचल्यावर या चौकांत भाजीपाला आणि तंबाखू पिकू लागला. 1860 च्या सुमारास इंग्रजांनी चौकोनी हौदांच्या जागी गोल फुलवाफे केले. गोल वाफे सुंदर असतीलही, पण पाटांची रेषा तिथे तुटली, आणि रेषा तुटली की कबरीखालून वाहणारी नदीही गेली. 1947 मध्ये इथे निर्वासितांची छावणी होती. माणसं जगायला आली होती, तिथे बागेची काळजी कोण करणार? जीर्णोद्धारात साचलेली हजारो घनमीटर माती उपसून जमीन जुन्या पातळीला आणावी लागली, तेव्हा कुठे पाट नीट बसले.

आता तुझ्या मकबऱ्याविषयी. ताजमहालाची नक्कल म्हणून सगळे त्याकडे बघतात, पण बागेच्या बाबतीत तो हुमायूनच्या कबरीच्या जवळचा आहे. ताजमध्ये कबर बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर गेली आणि मधोमध फक्त हौद राहिला. मकबऱ्यात मात्र कबर पुन्हा बागेच्या मध्यावर आली. दिलरास बानूची कबर वरून जाळीतून खाली पाहावी लागते, हे तुला माहीतच आहे. पाहुण्यांना आधी घुमट दाखवू नकोस. दरवाजातून आत आल्यावर पाटाच्या रेषेवर उभं कर, मग चौथऱ्याच्या मागे नेऊन ती रेषा पुढे शोधायला सांग. पाट कोरडा असेल तरी रेषा दिसेल. आणि पाणी सोडलेलं असेल तर एक पान टाकून बघ, उतार अजून शाबूत आहे का ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश