‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमकं कुठे? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

मला दिसत नाही. मी संगणक वापरते तो एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या आधारे. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते तो वाचून दाखवतो आणि मी कीबोर्डवरून पुढे सरकते. आज लिहायचं कारण फक्त तीन शब्द आहेत: ‘येथे क्लिक करा’.

मध्यंतरी एका सरकारी कार्यालयाच्या भरतीच्या पानावर मी कनिष्ठ लिपिक पदाची निवड यादी शोधत होते. डोळस माणूस अशा पानावरून नजर फिरवतो आणि त्याला हवी ती ओळ सापडते. मी इन्सर्ट आणि एफ७ या कळा एकत्र दाबते. त्याने पानावरच्या सगळ्या लिंका एका खिडकीत गोळा होतात. त्यांच्या आजूबाजूचा मजकूर मात्र तिथे येत नाही, फक्त लिंकचे शब्द येतात. मी खालच्या बाणाची कळ दाबत गेले. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. असं एकोणीस वेळा ऐकलं. त्याच खिडकीत शोधायला एक चौकट असते, तिथे ‘लिपिक’ टाइप केलं, तर यादी रिकामी झाली. ‘लिपिक’ हा शब्द पानावर होता, पण कुठल्याच लिंकमध्ये नव्हता.

मग मूळ पानावर परत आले. तिथे तक्ता होता: अनुक्रमांक, विषय, दिनांक आणि शेवटी लिंक. के ही कळ दाबून एका लिंकवर जायचं, कंट्रोल, ऑल्ट आणि डावा बाण दोनदा दाबून विषयाच्या रकान्यात यायचं, विषय ऐकायचा, नको असेल तर पुन्हा पुढची लिंक. अकराव्या ओळीत ‘कनिष्ठ लिपिक’ सापडलं. उघडलं तर ते शुद्धिपत्रक निघालं. यादी त्याच्या खालच्या ओळीत होती. नजरेने काही क्षणांत होणारं काम मला वीस मिनिटं पुरलं.

दुरुस्ती अगदी साधी आहे. आज पानावर हे असतं:

```html
<td>कनिष्ठ लिपिक निवड यादी</td>
<td><a href="yadi.pdf">येथे क्लिक करा</a></td>
```

त्याऐवजी विषयालाच लिंक करावी:

```html
<td><a href="yadi.pdf">कनिष्ठ लिपिक निवड यादी, पीडीएफ</a></td>
```

शेवटचा रकानाच मग लागत नाही. लिंकांच्या खिडकीत मला थेट यादीचं नाव ऐकू येतं, आणि ‘लिपिक’ टाइप केल्यावर ती सापडते. पीडीएफ हा शब्द शेवटी असावा, कारण ओळखीचा शब्द आधी ऐकू आला की बाकीचं ऐकत थांबावं लागत नाही. फाइल मोठी असेल तर तिचा आकारही तिथेच लिहावा.

काही ठिकाणी कंत्राटदार दिसणारे शब्द तेच ठेवतात आणि कोडमधल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या `aria-label` मध्ये वेगळं नाव घालतात. स्क्रीन रीडर ते नाव वाचून दाखवतो, हे खरं. पण डोळ्यांनी वाचणाऱ्याला अजूनही ‘येथे क्लिक करा’च दिसतं. जो माणूस हात चालत नाहीत म्हणून आवाजाने संगणक चालवतो, तो पडद्यावर दिसणारं नाव उच्चारतो आणि ती लिंक त्याला प्रतिसाद देत नाही. म्हणून बदल दिसणाऱ्या शब्दांतच हवा.

अधिकारी सांगतील की आमचं संकेतस्थळ तपासणीत उत्तीर्ण आहे. तेही खोटं नसेल. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा २.४.४ हा निकष ‘ए’ या सर्वांत खालच्या पातळीवर आहे आणि लिंकचा अर्थ त्याच वाक्यातून किंवा तक्त्याच्या नीट खुणा केलेल्या शीर्षकांतून कळत असेल तर तो चालवून घेतो. केवळ लिंकच्या शब्दांतूनच अर्थ कळला पाहिजे, असं सांगणारा २.४.९ हा निकष ‘एएए’ पातळीचा आहे, म्हणून कोणी मागत नाही. शिवाय यंत्राने होणारी तपासणी बहुतेक वेळा लिंक रिकामी नाही ना एवढंच बघते. ‘येथे क्लिक करा’ रिकामं नसतं. तुमच्या तपासनिसांनी पानावरच्या फक्त लिंका एका कागदावर उतरवाव्यात आणि ते पान कधीच न पाहिलेल्या माणसाला विचारावं, यातली निवड यादी कोणती?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पासून आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुगम्यतेचे बंधनकारक नियम करायला सांगितलं. माझी मागणी त्याहून लहान आहे. ही पानं प्रोग्रामर भरत नाहीत, कार्यालयातले लिपिक भरतात. ज्या फॉर्ममधून ते कागद चढवतात, त्यात लिंकच्या चौकटीत ‘येथे क्लिक करा’ आधीच भरलेलं असेल तर ते तसंच राहणार. ती चौकट काढून टाका आणि कागदाचं शीर्षक आपोआप लिंक होऊ द्या. एक आदेश सर्व विभागांच्या संकेतस्थळांसाठी काढा, आणि सुरुवात भरती, शिष्यवृत्ती आणि दिव्यांगांच्या योजनांच्या पानांपासून करा.

आपली,
एक नागरिक, पुणे