ठमीने आमच्या वर्गातल्या मुली शोधल्या, त्याची गोष्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि आई मधल्या मध्ये थोडक्यात सांगून मोकळी होते, म्हणून मेळाव्याचं सगळं लिहूनच पाठवते. शिवाय तुमच्याकडे एक काम आहे, तेही यातच सांगते.

नाताळच्या सुट्टीत चिपळूणला आमच्या १९९५च्या दहावीचा स्नेहमेळावा झाला. जेवण, भाषणं, गुरुजनांचा सत्कार हे सगळं झालं, त्याचे फोटो दादाच्या फोनवर बघा. मला सांगायचंय ते ठमीबद्दल. आपल्या मागच्या आळीतली ठमी, जिच्यासाठी आई डब्यात एक घावन जास्त घालायची, तिनेच हा मेळावा जमवला.

याआधीही मुलांनी दोनदा असं जमवलं होतं. पण दोन्ही वेळा वीसेक मुलगे आले आणि मुली तीन-चार. आमच्या वर्गात निम्म्या मुली होत्या, त्या गेल्या कुठे? मुलगे सापडणं सोपं होतं. त्यांची नावं तीच, घरं तीच, एकाचा नंबर मिळाला की त्याच्याकडून पाच मिळत. मुलींचं लग्न झालं की आडनाव बदललं, काहींचं पाळण्यातलं नावही सासरी बदललं. फेसबुकवर माहेरचं नाव घालून शोधलं तर कोणीच निघत नाही, कारण ती त्या नावाने तिथे नाहीच. मतदारयादीत तर नवऱ्याचं नाव. ठमी म्हणाली, या वेळी आधी मुली शोधायच्या, तारीख मागाहून ठरवायची.

ती शाळेत गेली. मुख्याध्यापिकांनी जनरल रजिस्टरचे फोटो काढू दिले नाहीत, आणि मला ते योग्यच वाटलं. त्यात जात, जन्मतारीख सगळंच असतं. पण क्लार्कनी समोर बसून नावं वाचून दाखवली आणि ठमीने वहीत उतरवून घेतली. नावाबरोबर तिने आणखी एकच रकाना लिहून घेतला, ‘पूर्वीची शाळा’. मला आधी कळेना, हे कशाला? पण खरी किल्ली तीच होती. आमच्याकडे पाचवीला येणाऱ्या मुली कुठल्या ना कुठल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून यायच्या, आणि ती शाळा म्हणजे त्यांचं गाव. रजिस्टरवरून पत्ता लागला नाही तरी गाव लागलं. पेढे, खेर्डी, शिरगाव, दसपटीतल्या वाड्या, असे तिने वहीत गावागावाचे गट पाडले.

मग ती गणपतीची वाट बघत थांबली. तुम्हाला सांगायला नको, एरवी आपल्याकडे कितीतरी घरांना कुलूप असतं, सगळे मुंबईला. गणपतीत तीच घरं उघडतात, आणि गौरीला माहेरवाशिणी येतात. त्या दिवसांत ठमी आणि तिचा नवरा स्कूटरवरून वाडीवाडीने फिरले. वाडीत जाऊन नाव विचारायचं नाही, ‘अमक्यांची मुलगी कुठे दिली?’ असं विचारायचं. बायका लगेच सांगतात, गावासकट.

त्यातली एक सांगते. आमच्या कबड्डीच्या संघातली उजवी कोपरारक्षक, जी पकड घेतली की सोडायची नाही, ती तुम्हाला आठवेल. आई, तिच्या गुडघ्याला तू हळद लावली होतीस. दहावीनंतर वर्षभरातच तिचं लग्न झालं, मग काही पत्ता नाही. रजिस्टरमध्ये दसपटीतली शाळा होती. ठमी त्या वाडीत गेली तर भावाचं घर उघडं, आरती चाललेली. आरती होईपर्यंत ती ओटीवर उभी राहिली. मग भावाने सांगितलं, ती विरारला असते, नाव आता वेगळं आहे, स्वतःचा फोन नाही, मुलाच्या फोनवर बोलावं लागेल. ठमीने तिथूनच लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘वहीत माझं नाव कुठलं लिहिलंयस?’ ठमी म्हणाली, ‘शाळेतलं.’ यावर ती काही बोलेचना. मग म्हणाली, ‘येते.’

या शोधात पुराचीही गाठ पडली. २२ जुलै २०२१च्या पुरात आपल्या घरातले अल्बम गेले तसे बहुतेकांचे गेले. दहावीच्या वर्गाचा फोटो चिपळुणात कोणाकडेच धड उरला नव्हता. तो मिळाला कोल्हापूरला दिलेल्या एकीकडे. सासरी जाताना तिने ट्रंकेत घालून नेला होता, म्हणून वाचला. ठमीने तो मोठा करून दाराशी लावला होता. बाबा, त्यात मी दुसऱ्या रांगेत, डोळे मिटलेली.

मेळाव्याच्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. ठमीने यादी आधीच नीट तपासून घेतली होती. आमच्यातले जे गेले त्यांची चौकशी करून त्यांच्या जवळच्यांना तिने अगोदर फोन केले, आणि सुरुवातीलाच त्यांची नावं घेऊन आम्ही उभे राहिलो. म्हणजे हजेरीत एखादं नाव पुकारलं गेलं आणि कोणीतरी दबक्या आवाजात ‘तो गेला’ म्हणालं, असं झालं नाही. बाईंनी माहेरची पूर्ण नावं वाचली, वडिलांच्या नावासकट. विरारवाली भिंतीला टेकून उभी होती. तिचं नाव आलं तेव्हा तिने पदर खोचला, पुढे आली आणि मोठ्याने ‘हजर!’ म्हणाली. बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘गुडघा कसा आहे गं?’ त्यानंतर कितीतरी वेळ हजेरी पुढे सरकली नाही.

वर्गणीचंही ठमीने फार शहाणपणाने केलं. ग्रुपवर कोणी किती दिले याची यादी टाकायची नाही, हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं. मागच्या वेळी ती यादी बघूनच दोघी-तिघी गप्प बसल्या होत्या, हे तिला नंतर कळलं होतं. या वेळी एकाच माणसाकडे पैसे, आणि शेवटी फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च. ज्यांना जमलं नाही त्यांनी दिले नाहीत, आणि ते कोण हे त्या एका माणसाखेरीज कोणालाही माहीत नाही.

परत आल्यावर मी ठमीला आणि वर्गाला हे लिहिलं आहे. उद्या ग्रुपवर टाकेन. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना पोस्टाने पाठवणार आहे. आई, तू आधी वाच.

‘ठमे, तू ज्या ओटीवर उभी राहिलीस, ज्या चढावर स्कूटर ढकललीस, ते मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं. तू सांगितलं नसतंस. तुझ्यामुळे आम्ही तीस वर्षांनी आमच्या वर्गातल्या मुलींना त्यांच्या नावाने हाक मारली. मी त्या दिवशी चौघींशी बोलले ज्या माझ्या लेखी हरवल्या होत्या. त्यातली एक माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर राहते. हे तुझं देणं आहे आणि मी ते मनापासून मानते. ती वही जपून ठेव, तिची एक प्रत माझ्याकडे दे, पुन्हा पाणी आलं तर दोन ठिकाणी असू दे.

आता बाकीच्यांना. ठमीने जोडलेलं तिच्या एकटीच्या अंगावर टाकू नका. प्रत्येकाने आपले दोन नंबर कळवा, एक स्वतःचा आणि एक न बदलणारा, भावाचा किंवा माहेरचा. नंबर बदलला की माणूस पुन्हा हरवतो, गेल्या वेळी असंच झालं. मुलींनो, वहीत दोन्ही नावं लिहू, शाळेतलं आणि आताचं. कोणालाही विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये आलं की नंबर सगळ्यांना दिसतो, आणि काहींचा फोन घरात सगळ्यांचा असतो. ज्यांना ग्रुप नको त्यांचं नाव वहीत राहील, आणि त्यांच्या जवळ राहणाऱ्या एकाने महिन्यातून एकदा त्यांना फोन करायचा. विरार मी घेते. निरोपांसाठी वेगळा ग्रुप केला आहे, तिथे फक्त तिघांनाच लिहिता येतं, म्हणजे महत्त्वाचं काही सुप्रभाताच्या चित्रांखाली बुडणार नाही.

आणि दरवर्षी गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, शाळेच्या पटांगणात या. निमंत्रण येणार नाही, वर्गणी नाही, जेवण नाही. जे गावात असतील त्यांनी यायचं, चहा प्यायचा आणि आपापल्या गाडीला जायचं. दोघीच आल्या तरी चालेल. पोरंबाळं, सुना, नवरे, ज्यांना आणायचं त्यांना आणा.’

आई, ‘जेवण नाही’ हे तुला आवडायचं नाही, पण स्वयंपाक आला की तो पुन्हा ठमीवरच पडेल. एकदा मेळाव्याएवढा घाट घातला की दुसऱ्या वर्षी कोणाला उरकत नाही.

आता तुमचं काम, बाबा. वहीत अजून पाच मुली राहिल्या आहेत. चौघींची गावं आहेत, ठमी येत्या गणपतीत जाईल, मीही जाणार आहे. पाचव्या मुलीचं गावच लागत नाही, कारण तिचे वडील तुमच्या एसटीच्या आगारात वाहक होते आणि बदलीवर आले होते. रजिस्टरमध्ये आधीची शाळा खेडची, त्याच्या आधीची माहीत नाही. दहावी झाली त्याच मे महिन्यात त्यांची पुन्हा बदली झाली. बाजारपुलाकडे भाड्याने राहायचे, उंच, केस पिकलेले, रात्रीच्या मुंबई गाडीवर असायचे. तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे ती गाडी कायम खचाखच, आणि ते तुमच्यासाठी हापूसच्या पेट्या वर नीट बांधून न्यायचे. त्यांची मुलगी माझ्या बाजूला बसायची, गणितात मला तीच पुढे ढकलायची.

त्यांचं मूळ गाव तुमच्या तोंडून मी कधीतरी ऐकलंय, सांगली बाजूचं असावं. तुम्हाला आठवलं तर उत्तमच. नाही आठवलं तर तुमच्याबरोबर निवृत्त झालेल्या हिशेब विभागातल्या काकांना विचाराल का? निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मंडळाचा फोन तुमच्या निळ्या डायरीत आहे, ती दादाच्या कपाटात वरच्या खणात ठेवलीय. गाव एवढं मिळालं तरी ‘मुलगी कुठे दिली’ हे आम्ही काढू.

आई, ठमीने तुझ्यासाठी कोकमं दिली आहेत, दादाकडे पाठवते. औषधं वेळेवर घ्या, बाबांना संध्याकाळी फिरायला एकटं सोडू नकोस. उत्तर बाबांच्या हातचं येऊ दे.

तुमची लाडकी,
बाळी