तक्रार: स्लाइडवर तारीख एक, दुकानात अ‍ॅप दोन

प्रति,
व्यवस्थापक, डीलर विभाग

विषय: नव्या डीलर अ‍ॅपच्या प्रेझेंटेशनमधली तारीख, दोनदा नोंदली गेलेली ऑर्डर आणि अडकलेली क्रेडिट लिमिट

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यातल्या डीलर मीटिंगमध्ये आपण नव्या मोबाइल अ‍ॅपचं प्रेझेंटेशन दाखवलंत. नंतर त्याची फाइल मेलवर आली. ती समोर उघडी ठेवूनच हे पत्र लिहितो आहे, म्हणजे ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’ यावर आपला दोघांचाही वेळ जायला नको.

स्लाइड ११ वर एक तक्ता आहे. डावीकडे अ‍ॅपच्या सहा सोयी, उजवीकडे सगळ्यांना मिळून एकच तारीख: १. पुढच्याच स्लाइडवर लिहिलं आहे की जुनं ऑर्डर पोर्टल १० तारखेला बंद होईल. कुठलाही डीलर याचा अर्थ काय घेईल? सगळ्या सोयी १ तारखेला हातात येणार, दहा दिवस जुनं-नवं दोन्ही चालू राहणार, तेवढ्यात माणसांना सवय करून द्यायची. मीही तसंच ठरवलं. आमचं गोडाऊन तळघरात आहे, तिथे नेटवर्क येत नाही. त्यामुळे मला त्या सहापैकी एकाच सोयीत रस होता, ती म्हणजे ऑफलाइन ऑर्डर. रॅकसमोर उभं राहून स्टॉक मोजायचा, तिथेच ऑर्डर भरून ठेवायची आणि वर आल्यावर पाठवायची.

१ तारखेला अ‍ॅप आलं, पण ऑफलाइन ऑर्डर त्यात नव्हती. ४ तारखेला सकाळी आमचा ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, आलं!’ त्याच्या फोनवर खरंच ते बटण दिसत होतं. माझ्या फोनवर नव्हतं. डीलर कोड एकच, लॉगिन एकच, दोन्ही फोन अँड्रॉइड. हेल्पडेस्कला फोन केला तर उत्तर आलं, ‘अ‍ॅप अपडेट करा.’ मी प्ले स्टोअर उघडलं. तिथे ‘अपडेट’ असं बटणच नव्हतं, नुसतं ‘उघडा’ होतं. हे मी तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितलं आणि तिघांनीही मला पुन्हा अपडेट करायलाच सांगितलं.

खरी गोष्ट माझ्या भाचीने सांगितली, ती याच क्षेत्रात आहे. प्ले स्टोअरवर अपडेट टप्प्याटप्प्याने सोडता येतं: आधी काही टक्के लोकांना, मग हळूहळू सगळ्यांना. त्या पहिल्या टक्क्यांत कोण येणार हे स्टोअर यादृच्छिक ठरवतं. कंपनीला तिथे डीलरांची नावं निवडता येत नाहीत, आणि स्टोअरला डीलर कोड ठाऊक असण्याचं कारणच नाही. म्हणून एकाच दुकानातल्या दोन फोनांवर दोन वेगळी अ‍ॅप्स. काही घोळ निघाला तर तो थोड्याच लोकांपुरता राहावा यासाठी असं करतात, हे मला पटतं. माझी तक्रार त्या पद्धतीबद्दल नाही. स्लाइडवर ‘सर्व डीलर’ लिहायचं आणि सोय मात्र चिठ्ठ्या टाकून वाटायची, ही माझी तक्रार आहे. सोय सगळ्यांच्या अ‍ॅपमध्ये बंद अवस्थेत घालून ठेवायची आणि आपल्या सर्व्हरवरून डीलर कोडप्रमाणे चालू करायची, असंही करता येतं म्हणे. मग एका दुकानात एकच अ‍ॅप दिसलं असतं आणि हेल्पडेस्कलाही कळलं असतं की कोणाकडे काय चालू आहे.

आता मूळ नुकसानाकडे येतो. ७ तारखेला ऑपरेटरने तळघरात ६० बॉक्सची ऑर्डर भरली. अ‍ॅपने ती ‘प्रलंबित’ म्हणून ठेवली, इथपर्यंत सगळं नीट. जिना चढताना रेंजची एक काडी आली आणि त्याने ‘पाठवा’ दाबलं. गोल फिरत राहिला आणि शेवटी ‘पाठवता आली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश आला. अ‍ॅपच सांगतंय म्हटल्यावर त्याने पुन्हा दाबलं. टेबलाशी येऊन ‘माझ्या ऑर्डर’ पाहतो तर दोन ऑर्डर नंबर, दोन्हींत तोच माल, वेळेत एका मिनिटाचाही फरक नाही. ६० चे १२० झाले होते.

म्हणजे पहिली ऑर्डर आपल्याकडे पोहोचली होती, फक्त ‘मिळाली’ हा निरोप परत येईपर्यंत रेंज गेली. अ‍ॅपने ते अपयश मानलं आणि दुसऱ्यांदा आलेली तीच ऑर्डर आपल्या सर्व्हरने नवी समजून नोंदवली. ऑर्डर फोनमध्ये साठवताना तिला एक वेगळा क्रमांक दिला असता, तर तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यावर ती ओळखता आली असती. ज्या सोयीचा सगळा जन्मच कमी रेंजसाठी झाला, तिची चाचणी कमी रेंजमध्ये झाली नसावी, असं मला वाटतं.

दुसरी ऑर्डर रद्द करायला गेलो तर अ‍ॅपमध्ये रद्द करण्याचं बटण नाही. स्लाइड ८ वर मात्र आहे, लाल रंगात, चांगलं ठळक! मग मी त्या स्लाइडवरची चित्रं नीट पाहिली. प्रत्येक फोनमध्ये वेळ ९:४१, बॅटरी पूर्ण भरलेली, आणि फोन सगळे आयफोन. ते चालू अ‍ॅपचे फोटो नव्हते, डिझायनरने काढलेली चित्रं होती. तसं कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं असतं तरी चाललं असतं. हेल्पडेस्कने आता कळवलं आहे की रद्द करण्याची सोय ‘पुढच्या टप्प्यात’ येईल. संपूर्ण प्रेझेंटेशनमध्ये टप्पा हा शब्द एकदाही आलेला नाही.

त्या जादा ६० बॉक्सनी माझी क्रेडिट लिमिट भरली. ८ तारखेची खरी गरजेची ऑर्डर ‘होल्ड’वर गेली आणि १० तारखेला स्कीम संपली. त्याच दिवशी जुनं पोर्टलही बंद झालं, त्यामुळे तिथून काही करायची वाटही उरली नाही. माझी लेखी तक्रार ८ तारखेची आहे, तिला पहिलं उत्तर आलं ११ तारखेला.

दुसरी ऑर्डर डिस्पॅचआधी रद्द करून लिमिट मोकळी करावी, आणि ८ तारखेची ऑर्डर स्कीमच्या मुदतीत आलेली धरावी. दोन्ही ऑर्डर नंबरांचे स्क्रीनशॉट, तक्रारीची पोच आणि स्लाइड ८, ११, १२ सोबत जोडल्या आहेत. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्या डीलरांना आजच एक मेसेज पाठवा, की ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं तर बटण दाबण्याआधी ‘माझ्या ऑर्डर’ची यादी बघा. त्याला नवं अपडेट लागत नाही.

तारखांचा तक्ताही सुधारून पाठवा. प्रत्येक सोयीपुढे तिची स्वतःची तारीख असावी आणि ती काही डीलरांना मिळणार की सगळ्यांना, हेही लिहावं. ऑफलाइन ऑर्डर अजून माझ्या फोनवर आलेली नाही. ती सगळ्यांकडे नीट चालेपर्यंत जुनं पोर्टल पुन्हा सुरू ठेवावं. हे कधी होईल ते सात दिवसांत लेखी कळवावं, स्लाइडवर नको.

कळावे,
आपला एक अधिकृत डीलर
(डीलर कोड व संपर्क क्रमांक मेलमध्ये दिला आहे)