तीन हजारांची उडी की दोन टक्क्यांची चढण

सातपूर, नाशिक

प्रिय संदीप,

तुझा मेसेज वाचला. शेजारच्या मशीन शॉपचा मालक तीन हजार जास्त पगार देतोय आणि दुसरीकडे तो नव्वद हजारांचा डेटा सायन्सचा कोर्स, ईएमआयवर. दोन्हींतलं काय धरू असं विचारलंस. फोनवर हिशेब नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी तीन हजारांचं. तुझा पगार आज २२,००० आहे आणि अजून २५ वर्षं नोकरी आहे असं धरू. महागाई ६ टक्के धरली आणि पगारही दरवर्षी ६ टक्केच वाढला, तर आजच्या रुपयांत तुझी आयुष्यभराची कमाई साधारण ६६ लाख होते. शेजारी जाऊन २५,००० वर सुरुवात केलीस आणि वाढ तीच राहिली, तर ७५ लाख. म्हणजे नऊ लाख जास्त. कमी नाहीत, मी नाही म्हणत नाही.

आता तिसरा आकडा बघ. आज २२,००० वरच राहिलास, पण असं काही शिकलास की वाढ ६ ऐवजी ८ टक्के मिळू लागली, तर बेरीज ८३ लाखांच्या पुढे जाते. सात वाढी झाल्या की तुझा पगार त्या २५,००० वाल्याला गाठून पुढे जातो. पण एकूण कमाईत तू त्याच्या पुढे जाशील ते पंधराव्या वर्षी, आणि ही मेख कोणी सांगत नाही. तोवर घर चालवायचंय, त्यामुळे वहिनी तीन हजार आधी मोजत असतील तर त्यांचं काहीच चुकत नाही. आकडे मी धरलेले आहेत, तू तुझे टाकून बघ. सांगायचं एवढंच की नोकरी बदलताना पहिला पगार सगळे विचारतात आणि पाचव्या वर्षी त्या खुर्चीतला माणूस कुठे पोचतो हे फारसं कोणी विचारत नाही. शेजारच्या शॉपमध्ये मशीन लावून देणारा, दहा वर्षं जुना सेटर असेलच. तो आजही सेटरच असेल, तर तुला उत्तर मिळालं.

मग वाढ कशाने मिळते? तुझ्या हातातलं काम बघ. तू डिझेल इंजेक्टरचे पार्ट काढतोस. बॅटरीवरच्या गाडीत इंजेक्टर नसतो, पिस्टन नसतो, क्रँकशाफ्ट नसतो. डिझेल उद्या सकाळी बंद होणार नाही, ट्रक-ट्रॅक्टर अजून बरीच वर्षं त्यावरच चालतील. पण फक्त 'हा पार्ट मला येतो' ही तुझी पुंजी असेल, तर ती त्या पार्टबरोबर आटणार. मोटरचा शाफ्ट, गिअर, बेअरिंगचं हाउसिंग मात्र राहणार. अंबडमधल्या स्विचगिअरवाल्यांचे पार्ट राहणार, ओझरला विमानाची कामं राहणार. या सगळ्यांना एक माणूस लागतोच: ड्रॉइंग खरोखर वाचणारा आणि पार्ट बरोबर आहे की नाही हे ठामपणे सांगणारा.

म्हणून माझं मत मोजमापाच्या बाजूचं. जीडी अँड टी, म्हणजे पार्टचा आकार आणि जागा किती चुकली तर चालेल हे ड्रॉइंगवर चिन्हांनी सांगायची भाषा; सीएमएम, म्हणजे पार्टला टोक टेकवून तिन्ही दिशांत मोजणारं मशीन; आणि त्यामागची थोडी आकडेमोड. डेटा सायन्स वाईट नाही, पण तिथे तू पंचविशीतल्या इंजिनिअर पोरांच्या रांगेत शून्यापासून उभा राहणार. इथे तुझी मशीनवरची वर्षं कामी येतात. रिडिंग बिघडलं की टूल झिजलंय, पार्ट धरणारे जॉ ढिले झालेत की कूलंटची भानगड आहे, हे नुसत्या डिग्रीवाल्याला सांगता येत नाही.

एक उदाहरण देतो, कागद घे. ड्रॉइंगवर भोकाची पोझिशन व्यास ०.२ दिली आहे, म्हणजे भोकाचं केंद्र ०.२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात हवं. बऱ्याच शॉपमध्ये याचा अर्थ एक्स आणि वायमध्ये अधिक-उणे ०.०७ असा लावतात. समज भोक एक्समध्ये ०.०८ आणि वायमध्ये ०.०४ सरकलंय. त्या हिशेबाने पार्ट रिजेक्ट. पण खरं गणित असं: दोन्हींचे वर्ग करून बेरीज ०.००८, वर्गमूळ ०.०८९, दुप्पट ०.१७९. म्हणजे ०.२ च्या आत. पार्ट चांगला आहे आणि तो भंगाराच्या डब्यात गेला! उलटही होतं. कोणी ०.२ म्हणजे अधिक-उणे ०.१ समजला, तर ०.०९ आणि ०.०६ सरकलेलं भोक तो पास करतो. खरा आकडा ०.२१६ येतो आणि पार्ट गिऱ्हाइकाकडून परत येतो. पगार वाढतो तो अशा जागी, कारण मालकाला रिजेक्शनचा आकडा रोज दिसतो.

सीएमएमचंही तसंच. बटणं दाबणं पंधरा दिवसांत येतं आणि ते काम हळूहळू मशीन स्वतःच करणार. सॉफ्टवेअरही बदलतं, एका कंपनीत पीसी-डीमिस तर दुसरीत कॅलिप्सो. त्यात जीव अडकवू नकोस. अलाइनमेंट कशी धरायची ते शीक: तीन बिंदूंनी पातळी, दोनांनी दिशा, एकाने जागा. डेटम, म्हणजे जिथून मोजायचं तो आधार, चुकीचा धरला तर मशीन चुकीचं उत्तरही चार दशांशांपर्यंत सुबक छापून देतं. आणि मोजायचं तापमान २० अंश मानलेलं असतं. एप्रिलमध्ये ३५ अंशांचा शंभर मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा मशीनवरून उचलून थेट मोजलास, तर तो सतरा मायक्रॉन लांब दिसेल. दुपारपाळीत पार्ट नापास आणि रातपाळीत तोच पास, असं झालं की ऑपरेटरवर खेकसण्याआधी पार्ट किती वेळ थंड झाला ते बघायचं.

पैसे कोण भरणार, हा तुझा पुढचा प्रश्न. अर्थशास्त्रात गॅरी बेकरने हे साठच्या दशकातच मांडलंय: जे शिक्षण फक्त त्याच कंपनीत उपयोगी, त्याचा खर्च कंपनी आनंदाने करते; जे कुठेही चालतं, त्याचा खर्च बहुधा कामगारावर येतो. म्हणून तुमचे साहेब त्यांच्या मशीनचं ट्रेनिंग फुकट देतात आणि जीडी अँड टीचं नाव काढलं की 'बघू' म्हणतात. मात्र ट्रेनिंगच्या बदल्यात बाँड मागितला तर मुदत आणि रक्कम वाचूनच सही कर.

क्रम असा ठेव. आधी तुझ्याच शॉपमधली ड्रॉइंग, रोज एक, प्रत्येक चिन्ह का दिलंय ते सांगता येईपर्यंत. मग जीडी अँड टीचा लहान कोर्स. त्यानंतर क्वालिटीवाल्यांना सांगून सीएमएमवर हात बसव, सुट्टीच्या दिवशी का होईना. फी भरून शिकायचं तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी कर. खासगी क्लासवाला 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणाला, तर मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर माग आणि त्यांना फोन कर. सीएमएम प्रत्यक्ष हाताळायला किती तास मिळतात तेही विचार. नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर उठून ये.

शेवटी गेज आर अँड आर. तेच काही पार्ट तीन जणांनी परत परत मोजले, तर फरक पार्टचा आहे की मोजणाऱ्याचा, हे त्यातून कळतं. ढोबळ नियम असा: एकूण फरकात मोजणीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान, तीसच्या वर ती मोजणी निरुपयोगी, मधलं काम बघून ठरवायचं. तुमच्या शॉपमध्ये भोकाचा व्यास मोजायच्या एका बोअर गेजवर हा अभ्यास करून एका पानाचा रिपोर्ट ठेव, तुझ्या नावाचा. मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा ते पान जास्त बोलतं. कंपनीचं ड्रॉइंग बाहेर नेऊ नकोस मात्र, पद्धत आणि आकडे पुरे.

वर्षभरात निदान क्वालिटीत बदली किंवा बाहेरून एक तरी ऑफर आली नाही, तर हे गणित परत मांडू. आणि त्या शेजारच्याला लगेच नाही म्हणू नकोस. तिथे सीएमएम आहे का ते विचार. असेल आणि तो तुला त्यावर बसू देत असेल, तर तीन हजारही घे.

रविवारी दुपारी मी घरीच आहे. एखादा भंगारातला पार्ट घेऊन ये, व्हर्निअर माझ्याकडे आहे.

तुझा,
महेश